पाणलोट प्रकल्पाचा कार्यभार सोपवताना

स्वयंसेवी संस्थेतला प्रकल्पप्रमुख पद सोडतो तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्यासाठी जे टिपण लिहून ठेवतो, त्याला कार्यभार टिपण म्हणतात. बोलताना सगळे ‘चार्ज दिला’, ‘चार्ज घेतला’ असेच म्हणतात. सरकारी कचेरीत चार्ज देण्याची रीत ठरलेली असते. जडवस्तूंची यादी, रोकड, किल्ल्या, प्रलंबित प्रकरणे आणि दोघांच्या सह्या, एवढ्यावर काम भागते. याचे कारण असे, की तिथले अधिकार नियमाने पदाला चिकटलेले असतात. माणूस बदलला तरी नियम जागेवर राहतो. संस्थेच्या प्रकल्पाची गोष्ट वेगळी आहे. तिथले बरेचसे काम करारात लिहिलेले असले, तरी ते पुढे सरकते ते प्रमुखाने गावात बसून घातलेल्या मेळामुळे. हा मेळ कोणत्याही फाइलमध्ये नसतो. चांगले टिपण मुख्यतः त्याच्यासाठी लिहायचे असते.

महाराष्ट्रात या प्रकारच्या कामाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे पाणलोट विकास. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम इथे सुरू झाला. त्यामागे फादर हर्मन बाखर यांची प्रेरणा होती, आणि तो नाबार्ड व ‘वॉटर’ या संस्थेच्या आधाराने गावोगावच्या समित्या आणि स्थानिक संस्थांमार्फत राबवला गेला. त्यातून कामाची एक घडी बसली, ती आजही बहुतेक संस्था पाळतात. काम माथ्याकडून पायथ्याकडे जाते: आधी डोंगरउतारावर सलग समपातळी चर आणि झाडे, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर दगडी, मातीचे व सिमेंटचे बांध. पैसा संस्थेकडे आणि गाव पाणलोट समितीकडे हप्त्याहप्त्याने येतो. गाव श्रमदान करते, चराई आणि वृक्षतोड बंद ठेवते. असा प्रकल्प चार-पाच वर्षे चालतो. तेवढ्या काळात प्रमुख बदलणे हा अपवाद नाही, ती नेहमीची घटना आहे.

पुढच्या विवेचनासाठी एक नमुन्याचा प्रकल्प धरू. अवर्षणप्रवण तालुक्यातले एक गाव, सुमारे हजार हेक्टर शिवार, पाच वर्षांचा आराखडा. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीअखेर प्रमुख पद सोडतो आहे. माथ्यावरचे चर बरेचसे झाले आहेत, नाल्यावरचे बांध अर्धवट आहेत. आर्थिक वर्ष संपायला दोन महिने आणि पावसाळ्याला चार महिने उरले आहेत. यातले आकडे समजुतीपुरते आहेत. त्यांच्यामागची रचना मात्र प्रत्यक्षातलीच आहे.

टिपणाचा पहिला भाग कामाच्या स्थितीचा असतो आणि बहुतेक टिपणे इथेच बिघडतात. ‘चरांचे काम प्रगतिपथावर’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. मातीकामाला तीन वेगवेगळ्या अवस्था असतात. काम खोदून झालेले असते. मग ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम.बी.त, चढलेले असते. आणि मग त्याची मजुरी चुकती झालेली असते. या तिन्हींचे आकडे क्वचितच सारखे असतात. नमुन्याच्या प्रकल्पात ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा चर धरला, तर एका मीटर लांबीला ०.१८ घनमीटर माती निघते. जानेवारीअखेर ५,००० मीटर चर खोदून झाला आहे. त्यातला ३,२०० मीटर मोजून नोंदला गेला आहे आणि २,५०० मीटरची मजुरी दिली आहे. दर घनमीटरला १५० रुपये धरला, तर खर्चाच्या वहीत ६७,५०० रुपये दिसतील. आणखी ६७,५०० रुपये देणे आहेत, हे त्या वहीत कुठेच दिसणार नाही. त्यातले १८,९०० रुपये मोजलेल्या कामाचे आहेत, म्हणून ते निदान एम.बी. उघडल्यावर सापडतील. उरलेले ४८,६०० रुपये न मोजलेल्या कामाचे आहेत. त्यांची साक्ष फक्त जमिनीत आणि मुकादमाच्या डोक्यात आहे.

ही साक्ष टिकाऊ नसते. चर असतोच गाळ अडवण्यासाठी, त्यामुळे पहिल्या जोरदार पावसानंतर त्याची खोली कमी भरते. जूननंतर मोजणी केली तर मजुरांनी खरोखर खोदलेले काम पुस्तिकेत कमी उतरते आणि वाद अटळ होतो. मोजणीची खूण म्हणून खड्ड्यात मध्येच न खोदता ठेवलेला मातीचा खुंटही पावसात ढासळतो. म्हणून पावसाळ्याआधी चार्ज देताना न मोजलेल्या कामाचा उल्लेख गट नंबरासह, अंदाजी लांबीसह आणि मुकादमाच्या नावासह हवा. त्यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे जाण्यापूर्वी ते मोजूनच घेणे. जुन्या प्रमुखाचे शेवटचे पंधरा दिवस निरोपाच्या बैठकांपेक्षा टेप घेऊन उतारावर गेले, तर संस्थेचा फायदा होतो.

बांधांच्या बाबतीत अवस्था आणखी बारकाईने लिहावी लागते, कारण अर्धवट चर फारसे नुकसान करत नाही, पण अर्धवट बांध करतो. मातीचा नाला बांध पूर्ण उंचीला गेला आहे पण त्याचा सांडवा खोदायचा राहिला आहे, अशा अवस्थेत पावसाळा लागला तर पाणी बांधावरून वाहते आणि बांध फुटतो. सिमेंट बांधाचे पंख दोन्ही काठांत पुरेसे आत गेले नसतील, तर नाला बांधाला वळसा घालून काठ कापत नवी वाट काढतो. टिपणात अशा कामांपुढे टक्केवारी नको. ‘सांडवा बाकी, ३१ मेपूर्वी न झाल्यास बांध मध्यभागी उतरवावा’ असे लिहिलेले हवे. कोणते काम थांबले तरी चालेल आणि कोणते थांबता कामा नये, हा फरक बाहेरून आलेल्या माणसाला निदान पहिल्या महिन्यात दिसत नाही.

यानंतर पैशाचा भाग येतो. नवा प्रमुख पहिल्यांदा बँकेचा उतारा मागतो आणि त्यातली शिल्लक बघून निश्चिंत तरी होतो किंवा घाबरतो. दोन्ही चुकीचे ठरू शकते. नमुन्याच्या प्रकल्पाच्या खात्यात ११,४०,००० रुपये आहेत. त्यातून वर सांगितलेले मजुरीचे ६७,५०० रुपये वजा होतात. सिमेंट बांधाच्या कंत्राटदाराचे झालेल्या टप्प्याचे ३,२०,००० रुपये बिल यायचे आहे. १,५०,००० रुपये महिलांच्या प्रशिक्षणासाठी आलेले आहेत आणि ते बांधावर खर्चता येत नाहीत. पुढच्या तीन महिन्यांचे पगार २,७०,००० रुपये होतात. एवढे बाजूला काढल्यावर मोकळे उरतात ३,३२,५०० रुपये, म्हणजे शिल्लक दिसणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ही वजाबाकी टिपणात पायरीपायरीने मांडलेली असावी. हिशेबनीसाला ती करता येते, पण कंत्राटदाराला तोंडी काय कबूल केले आहे हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

पैशाला तारखा आणि अटीही असतात. निधी कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार चालू प्रकल्पाचा वर्षात न खर्चलेला पैसा कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात वळवावा लागतो आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चावा लागतो. बंधन कंपनीवर असले तरी त्याचा धक्का संस्थेला बसतो. मार्च उजाडला की कंपनीचा माणूस खर्चाचे आकडे मागू लागतो. परदेशी निधी असेल तर गणित वेगळे. विदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलांनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. जुन्या प्रमुखाने शेजारच्या छोट्या संस्थेला ‘तुमच्या रोपवाटिकेसाठी काही देऊ’ असे सांगून ठेवले असेल आणि पैसा परदेशी असेल, तर तो शब्द पाळणे नव्या प्रमुखाच्या हातात नाही. हे त्याला त्या संस्थेच्या तोंडून कळण्याआधी टिपणातून कळायला हवे.

पुढचा हप्ता मिळण्याची अट, उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंतचे गेले आहे, त्यावर सनदी लेखापालाची सही झाली आहे की नाही, आणि निधीदात्याने मागच्या भेटीत काय आक्षेप घेतला होता, या गोष्टी चार ओळींत मावतात. आक्षेप मात्र जसाच्या तसा लिहावा. प्रमुखाला तो अन्यायाचा वाटला असला, तरी निधीदात्याचा माणूस पुढच्या भेटीत नेमका तिथेच बोट ठेवणार असतो.

पाणलोट प्रकल्पात श्रमदानाचा हिशेब ही जोखमीची जागा आहे. गावाने अकुशल मजुरीचा ठरावीक हिस्सा, बहुधा सहावा भाग किंवा त्याच्या आसपास, श्रमदान म्हणून द्यायचा असतो. त्यामागचा विचार चांगला आहे: आपल्या घामाचा वाटा असला की गाव काम जपते. व्यवहारात मात्र दोन रीती पडलेल्या दिसतात. काही गावांत लोक ठरलेल्या दिवशी खरोखर फुकट काम करतात आणि हजेरीपट वेगळा ठेवतात. काही ठिकाणी मजुरीतूनच तेवढी रक्कम कापून ती श्रमदान म्हणून दाखवली जाते आणि तिचा काही भाग गावाच्या देखभाल निधीत जमा होतो. दुसऱ्या रीतीत ओझे कोणावर पडते हे पाहणे आवश्यक आहे. ज्याच्या शेतात बांध होतो तो शेतकरी आणि बांधावर राबणारा भूमिहीन मजूर एक नसतील, तर कापलेली मजुरी भूमिहीनाची असते आणि फायदा जमीनधारकाचा होतो. टिपणात या गावात कोणती रीत चालू आहे, ती समितीच्या कोणत्या ठरावाने ठरली, आणि भूमिहीनांकडून कपात होते की नाही, हे स्पष्ट हवे. देखभाल निधीचे खाते, त्यातली रक्कम आणि सह्यांचे अधिकार तिथेच लिहावेत. हा निधी प्रकल्प संपल्यावर बांधांच्या डागडुजीसाठी असतो. तो मधल्या काळात उसना घेतला गेला असेल, तर तेही लपवू नये.

आता दिलेल्या शब्दांचा भाग. टिपणातला हा सर्वांत मोलाचा आणि लिहायला सर्वांत अवघड भाग आहे. माथा ते पायथा या क्रमात एक मूळचा पेच आहे. माथ्यावरच्या जमिनीत चर खोदले जातात, पण पाणी वाढते पायथ्याच्या विहिरींना. माथ्यावरच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीत खोदू द्यावे, मेंढपाळाने तिथली चराई सोडावी, यासाठी प्रमुखाला काहीतरी कबूल करावे लागते. ‘तुमच्या गटात शेततळे घेऊ.’ ‘कुऱ्हाडबंदीच्या बदल्यात दोन वर्षांत गवत कापायला खुले करू.’ ‘तुमच्या वाडीच्या रस्त्याचे ग्रामपंचायतीत बोलू.’ ही वाक्ये बैठकीच्या इतिवृत्तात येत नाहीत, पण गावाच्या लक्षात ती अक्षरशः राहतात.

अशा प्रत्येक शब्दाची नोंद करताना तो कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणाच्या समक्ष दिला, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे का, आणि तो पाळण्याचा अधिकार संस्थेकडे आहे का, एवढे लिहिले की पुरते. नमुन्याच्या प्रकल्पात अशी एक नोंद पुढीलप्रमाणे असेल: ‘माथ्यावरच्या गटाच्या मालकाला शेततळे देण्याचे मागच्या वर्षीच्या एप्रिलमधल्या बैठकीत सांगितले. समितीचे अध्यक्ष आणि सचिव हजर होते. इतिवृत्तात नोंद नाही. अंदाजपत्रकात तीन शेततळी आहेत, दोन दिली गेली, तिसरे याच गटासाठी राखून ठेवले आहे. संमतीपत्रावर मालकाची सही आहे, पण सातबाऱ्यावर भावाचेही नाव आहे आणि भावाची सही बाकी आहे.’ या पाच वाक्यांनी नव्या प्रमुखाचे दोन महिने वाचतात. शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. सामाईक सातबारा आणि एकाचीच सही, या कारणाने काम मध्येच अडल्याची उदाहरणे पाणलोटाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही सांगता येतील.

काही शब्द दिलेलेच नसतात. प्रमुख गप्प राहिला म्हणून लोकांनी होकार धरलेला असतो. बैठकीत कोणी म्हणाले, ‘मग पुढच्या वर्षी आमच्या ओढ्यावर बंधारा होणारच की!’ आणि प्रमुखाने विषय बदलला. त्या वस्तीने तो होकार मानला. याही नोंदी टिपणात हव्यात आणि त्यांच्यापुढे ‘शब्द दिलेला नाही, पण अपेक्षा आहे’ असे स्पष्ट लिहावे.

याच्या उलट बाजूला नकार येतात. नवा माणूस आला की जुने, फेटाळलेले अर्ज पुन्हा त्याच्याकडे येतात. हे लबाडीने होते असे नाही. ज्याला नकार पटलेला नसतो, तो नव्याने प्रयत्न करतो. म्हणून कोणती जागा का सोडली, याची कारणे नोंदवणे झालेल्या कामाच्या नोंदीइतकेच गरजेचे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरण्याची रीत जागोजाग बदलते. एखाद्या जागी नाला रुंद, काठ उंच, बांधाला अगदी सोयीची दिसते. पण खाली अखंड पाषाण असल्याने अडवलेले पाणी मुरत नाही, उन्हाने उडून जाते. दुसऱ्या जागी फुटीर पाषाणातून पाणी झपाट्याने निघून शिवाराबाहेर जाते. जुन्या प्रमुखाने भूजलतज्ज्ञाला घेऊन पाहणी केली असेल आणि जागा नाकारली असेल, तर पाहणीची तारीख, तज्ज्ञाचा अभिप्राय आणि जागेची खूण टिपणात असावी. ती नसेल तर नवा प्रमुख गावाचा आग्रह मोडू शकत नाही. लाखो रुपयांचा बांध बांधला जातो आणि दिवाळीनंतर कोरडा पडतो.

प्रकल्पाचे यश ज्या आकड्यांनी मोजायचे, ते कसे मोजले जातात हे सांगणारा भाग छोटा असतो, पण तो वगळला तर पाच वर्षांची नोंद वाया जाऊ शकते. पाणलोट प्रकल्पात निरीक्षण विहिरींची पाणीपातळी हा मुख्य पुरावा असतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते; संस्था बहुधा दर महिन्याला मोजतात. टेप कुठून सोडायचा हे कळीचे आहे. नमुन्याच्या प्रकल्पातल्या एका विहिरीत मागच्या वर्षी मे महिन्यात जमिनीपासून ९.२ मीटरवर पाणी होते. त्यानंतर शेतकऱ्याने विहिरीला ८० सेंटिमीटर उंचीचा कठडा बांधला. या वर्षी मे महिन्यात नव्या माणसाने कठड्यावरून टेप सोडला आणि ९.६ मीटर नोंदले. कागदावर पाणी ४० सेंटिमीटरने खाली गेले. वास्तविक जमिनीपासून ते ८.८ मीटरवर आहे, म्हणजे ४० सेंटिमीटरने वर आले आहे. चूक एका विहिरीची असेल तर सरासरीत दबते. मोजणाराच बदलला आणि त्याने सगळ्याच विहिरी कठड्यावरून मोजल्या, तर यशस्वी प्रकल्प अहवालात अपयशी दिसतो. उलट दिशेची चूकही तितकीच शक्य आहे.

म्हणून प्रत्येक निरीक्षण विहिरीचा क्रमांक, मोजणीच्या बिंदूची खूण (कठड्याला रंगाचा ठिपका मारलेला असतो), कठड्याची उंची, आणि मोजण्यापूर्वी मोटार किती तास बंद ठेवायची हा नियम, एवढे लिहून द्यावे लागते. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर घेतलेली पातळी विहिरीची खरी पातळी नसते. पर्जन्यमापकाची जागा हलली असेल तर तीही नोंदवावी. पावसाची जोड नसेल तर पातळीच्या आकड्याला अर्थ उरत नाही: पाऊस चांगला झालेल्या वर्षी कोणत्याही शिवारात पाणी वर येते. नव्या प्रमुखाला मोजणीची रीत सुधारायची असेल तर त्याने ती जरूर सुधारावी, मात्र निदान एक वर्ष जुनी आणि नवी अशा दोन्ही रीतींनी मोजावे. तसे केले नाही तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

सह्या आणि किल्ल्यांचा भाग रुक्ष आहे आणि तो लवकर आटोपता येतो. प्रकल्पप्रमुख विश्वस्त नसेल तर त्याच्या जाण्याने धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यावा लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालचा तो अहवाल मुख्यतः विश्वस्तांच्या आणि नोंदणीतल्या तपशिलांच्या बदलासाठी असतो. बँकेतली सही बदलायला मात्र विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो आणि बँक त्याला वेळ घेते. त्या मधल्या दिवसांत मजुरी थांबू नये म्हणून ठराव जाण्याच्या दिवसाआधी व्हायला हवा. दुसरी अडचण अलीकडची आहे. निधीदात्याचे पोर्टल, बँक, ई-मेल या सगळ्यांचे ओटीपी जुन्या प्रमुखाच्या खासगी मोबाइलवर जात असतात. तो गाव सोडून दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झाला, की तिमाही अहवाल भरायच्या दिवशी त्याला फोन लावावा लागतो. सगळी खाती संस्थेच्या क्रमांकावर वळवणे हे शेवटच्या आठवड्याचे काम आहे. पासवर्ड टिपणात लिहायचे नसतात. ते कोणाकडून मिळतील एवढेच लिहायचे असते.

माणसांबद्दल काय लिहावे हा प्रश्न सर्वांना अडतो. समितीचा सचिव हिशेब उशिरा देतो, दोन वाड्यांत जुना वाद आहे, सरपंचाला निमंत्रण वेगळे द्यावे लागते, हे नव्या प्रमुखाला कळायला हवे. पण टिपण हा संस्थेचा कागद आहे. तो विश्वस्त वाचतात, लेखापरीक्षक वाचतो, कधी निधीदात्याकडेही जातो. त्यामुळे स्वभावाविषयी लिहू नये, घडलेले लिहावे. ‘सचिव बेफिकीर आहे’ असे न लिहिता ‘मागच्या तीन महिन्यांचे मस्टर सचिवाकडून दहा तारखेनंतर आले’ असे लिहिले, तर ते खरे-खोटे तपासता येते आणि त्या सचिवाने वाचले तरी त्याच्यावर अन्याय होत नाही. आजार, कर्ज, घरातले तंटे अशा खासगी गोष्टी कामाशी संबंध असला तरी कागदावर आणू नयेत. त्या प्रत्यक्ष भेटीत सांगाव्यात, आणि त्याही गरजेपुरत्या.

टिपण पुरे झाले की नाही हे शिवारफेरीत कळते. दोघांनी एकत्र, हातात टिपण घेऊन, माथ्यापासून सुरुवात करून नाल्याच्या शेवटच्या बांधापर्यंत चालायचे असते. हजार हेक्टरचे शिवार पायी नीट बघायला तीन-चार दिवस लागतात. समितीचे दोन सदस्य बरोबर असले तर टिपणातली रिकामी जागा तेच दाखवून देतात. ‘आणि आमच्या वस्तीचं काय ठरलं होतं?’ हा प्रश्न बहुधा दुसऱ्या दिवशी येतो. फेरीत सापडलेले प्रत्येक नवे देणे, नवा शब्द, नवी तक्रार टिपणाला त्याच रात्री जोडली जाते. मग ग्रामसभेत किंवा समितीच्या बैठकीत दोघेही हजर राहतात आणि जुना प्रमुख शब्दांची यादी सर्वांसमोर वाचून दाखवतो. वाचन संकोचाचे वाटते, पण त्याचा परिणाम चांगला होतो. न दिलेले शब्द दिल्याचे नंतर कोणी म्हणू शकत नाही, आणि दिलेले शब्द नवा प्रमुख नाकारू शकत नाही.

शिवारफेरी शक्य नसते अशी परिस्थितीही येते. प्रमुख अचानक आजारी पडतो, वाद होऊन निघून जातो किंवा नव्याची नेमणूक होईपर्यंत जुना थांबू शकत नाही. अशा वेळी टिपण उलट बाजूने, इतरांकडून तयार करावे लागते. हिशेबनीसाकडून देणी, मुकादमाकडून न मोजलेले काम, समितीकडून शब्द, आणि विहिरी मोजणाऱ्या मुलाकडून मोजणीची रीत घ्यायची. हे चौघे चार जागी एकच गोष्ट वेगवेगळी सांगतात. फरक जिथे सापडतो, तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे.

वाचताना टिपण कच्चे आहे हे काही खुणांवरून ओळखता येते. त्यात एकही तारीख नसते. सगळी कामे समाधानकारक असतात. देणे शून्य दाखवलेले असते, जे चालू मातीकामात जवळजवळ अशक्य आहे. एकाही तक्रारीचा उल्लेख नसतो आणि कोणालाही नकार दिलेला नसतो. उलट, साठ पानांचे टिपणही तितकेच संशयास्पद असते. त्यात मूळ आराखडा आणि जुने अहवाल पुन्हा चिकटवलेले असतात, आणि नव्या प्रमुखाला पहिल्या तीन महिन्यांत काय करायचे ते कुठल्या तरी मधल्या पानात हरवते. नमुन्याच्या प्रकल्पासाठी दहा-बारा पाने पुरतात. पहिल्याच पानावर फेब्रुवारी ते मेच्या तारखा असाव्यात: कोणते काम केव्हा मोजायचे, मार्चअखेर कोणाला कोणते आकडे द्यायचे, मे महिन्यात विहिरी कधी मोजायच्या, आणि कोणता सांडवा पावसाआधी खोदलाच पाहिजे.

टिपण पुढे काय करायचे हे सांगते, पण कसे करायचे हे त्याने ठरवू नये. जुन्या प्रमुखाचा अंदाज आणि त्याची माहिती वेगवेगळी दिसली पाहिजे. ‘मेंढपाळ पुढच्या वर्षीही चराईबंदी पाळतील’ हा अंदाज आहे. ‘या वर्षी दोनदा कळप आत आले, दोन्ही वेळा समितीने दंड न घेता बाहेर काढले’ ही माहिती आहे. नव्या प्रमुखाला दुसऱ्या वाक्यावरून स्वतःचा निष्कर्ष काढता येतो, आणि तो जुन्यापेक्षा वेगळा असू शकतो.

दोघांच्या सह्या झाल्यावर टिपणाची एक प्रत विश्वस्त मंडळाकडे, एक प्रकल्पाच्या कार्यालयात आणि गावाशी संबंधित भाग मराठीत समितीकडे राहतो. जुना प्रमुख फोनवर किती काळ उपलब्ध राहील हेही त्यात लिहिलेले असते; दोन-तीन महिने पुरेसे आहेत. त्यापेक्षा जास्त काळ फोन चालू राहिला, तर गावातले लोक निर्णयासाठी त्यालाच विचारत राहतात आणि नव्याचा जम बसत नाही. पहिला पावसाळा ओसरल्यावर, बांध भरलेले आणि चर गाळलेले दिसल्यावर, नवा प्रमुख त्याच टिपणाला स्वतःच्या तारखेची पुरवणी जोडतो. तिथे कोणती नोंद चुकीची निघाली, कोणता शब्द पुरा झाला आणि कोणता मागे घ्यावा लागला, हे येते.